इलास्टिकवाले चेल्सी बूट घेताना: घोट्याचं माप आणि बेळगावच्या पावसाला चालणारा सोल

खडेबाजार, गणपत गल्ली किंवा कॅम्पातल्या दुकानांत हल्ली पुरुषांसाठी चेल्सी बूट सर्रास दिसतात. घोट्याच्या वर चार बोटं जाणारा, लेस नसलेला, दोन्ही बाजूंना इलास्टिकच्या पट्ट्या असलेला बूट. आपल्या भागात तो सोयीचा आहे, कारण दिवसातून दहा वेळा बूट काढावे लागतात. घराचा उंबरा, देऊळ, ओळखीच्यांचं घर, काही दवाखाने. लेस सोडत बसायची गरज नाही.

पण त्याच कारणाने हा बूट निवडायला अवघड आहे. लेसवाला बूट थोडा सैल निघाला तर आवळता येतो, घट्ट निघाला तर सोडता येतो. चेल्सीत दुकानातून बाहेर पडताना जे माप असेल तेच शेवटपर्यंत. आणि एक गैरसमज आधीच काढून टाका: इलास्टिक पायाला धरून ठेवतं असं बहुतेकांना वाटतं. इलास्टिकचं काम पाय आत जाऊ देणं एवढंच आहे. बूट धरला जातो तो पायाच्या वरच्या उंचवट्यावर आणि टाचेच्या मागे. या दोन जागा नीट बसल्या तर इलास्टिक नुसतं सोबतीला असतं. त्या बसल्या नाहीत तर कितीही जाड इलास्टिक असो, उपयोग नाही.

हा लेख शहरात घालायच्या बुटांपुरता आहे, म्हणजे ऑफिस, कॉलेज, बाजार आणि दुचाकी. शेतात किंवा ट्रेकला जायचं असेल तर हा बूटच नको.

हाताशी काय हवं

- कोरा मोठा कागद, पेन्सिल, पट्टी आणि शिंप्याची मापाची टेप
- जे मोजे रोज घालणार तेच मोजे (दुकानातले पातळ नायलॉनचे नव्हेत)
- शूहॉर्न, प्लास्टिकचा साधा चालेल
- दुकानाचं बिल आणि खोका. बदलून घ्यायची मुदत बिलावर लिहून घ्या, तोंडी नको

१. संध्याकाळी, उभं राहून पाय मोजा

दिवसभर चालून पाय थोडे फुगतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं. कागद भिंतीला टेकवून ठेवा, टाच भिंतीला लावा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे दुसऱ्याला खूण करायला सांगा. स्वतः वाकून खूण केलीत तर वजन सरकतं आणि माप चुकतं. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि बूट त्या पायाचा घ्यायचा असतो.

लांबीनंतर टेपने दोन घेर घ्या. एक चवड्याचा, जिथे अंगठ्याचा आणि करंगळीचा सांधा बाहेर येतो तिथून. दुसरा पायाच्या वरच्या उंचवट्याचा, म्हणजे चवडा आणि घोटा यांच्या मधोमध जिथे हाड वर आलेलं हाताला लागतं तिथून, तळव्याखालून फिरवून. हा दुसरा घेर चेल्सीसाठी महत्त्वाचा, आणि दुकानात तो कोणीच मोजत नाही. बूट शिवून घेणार असाल तर कारागीर तोच आधी विचारेल.

आपल्याकडे मिळणारे नंबर ब्रिटिश पद्धतीचे असतात. एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. खोक्यावर ४२ असा युरोपियन आकडा असेल तर तो आपल्या ८ च्या आसपास धरा, पण आसपासच. दोन कंपन्यांचे ८ नंबर सारखे बसतीलच असं नाही.

२. नंबर वाढवू नका, आकार बदला

पहिल्यांदा घेणारे जास्तीत जास्त इथे फसतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो.

माझा मावसभाऊ टिळकवाडीतल्या एका ऑफिसात कामाला आहे. उजवा पाय २६.५ सेंटिमीटर, डावा २६.२. ब्रिटिश ८ नंबरचा लाकडी फर्मा, म्हणजे ज्यावर बूट चढवून शिवतात तो पायाच्या आकाराचा ठोकळा, ११ इंच म्हणजे जवळपास २८ सेंटिमीटर लांबीचा असतो. त्यातले बोटांपुढचे मोकळे दीड सेंटिमीटर वजा केले तर २६.५ उरतात. म्हणजे हिशेबाने त्याचा नंबर ८.

पण त्याच्या पायाचा वरचा उंचवटा जरा जास्त आहे आणि चवडा रुंद. लहानपणापासून चपलेत वाढलेले पाय पुढे पसरलेले असतात, आपल्या भागात ते नवल नाही. दुकानात निमुळत्या टोकाचा ८ नंबरचा बूट आला. पाय आत जाताना धडपड झाली, उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंचं इलास्टिक पूर्ण ताणलं, आणि पाच मिनिटांनी मोजा खाली करून पाहिला तर पायाच्या वरच्या बाजूला लाल वळ उठलेला. विक्रेता लगेच ९ घेऊन आला. तो सहज गेला. तिथेच बरेच जण पैसे देऊन मोकळे होतात.

आम्ही त्याला दुकानाच्या पायरीवरून दोनदा खाली उतरायला लावलं. उतरताना पाय पुढे सरकत होता, चढताना टाच बोटभर वर येत होती. चवड्याची घडी बघितली तर बूट सांध्याच्या पुढे, बोटांवर मोडत होता. कारण साधं आहे: नंबर वाढवला की बूट नुसता पुढे लांब होत नाही, टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही वाढतं. मग पायाचा सांधा एका जागी वाकतो आणि बूट दुसऱ्या जागी. आठ-पंधरा दिवसांत ती घडी बोटांना चावायला लागते. जागा हवी होती उंचीत आणि रुंदीत, मिळाली लांबीत.

शेवटी दुसऱ्या बनावटीचा, गोल टोकाचा, रुंद चवड्याचा ८ नंबरच घेतला. काही कंपन्यांच्या बुटांवर नंबराशेजारी रुंदीचं अक्षर असतं. ब्रिटिश पद्धतीत एफ म्हणजे सर्वसाधारण, जी म्हणजे रुंद. अक्षर नसेल तर टोकाचा आकार पाहा. गोल टोकाचे बूट सहसा वरच्या बाजूलाही थोडे ऐसपैस असतात.

उलटा प्रकारही असतो: पाय सडपातळ, उंचवटा कमी, लांबी बरोबर पण वर बूट पोकळ. हा त्रास सोपा. तीन मिलिमीटर जाडीचा पूर्ण लांबीचा सुकतळा आत टाकला की पाय वर उचलला जातो आणि पोकळी भरते. घट्ट बुटाला मात्र असा उपाय नाही. दुकानदार म्हणेल, "चामडं आहे साहेब, सैल होईल." चवड्याच्या बाजूला चामडं पसरतं, हे खरं. उंचवट्यावर फारच थोडं पसरतं, आणि लांबीत तर मुळीच नाही.

३. घोट्याभोवतीची तपासणी

आपले मोजे घालून दोन्ही बूट चढवा आणि आरशासमोर बाजूने उभे राहा. घाई करू नका.

आधी इलास्टिक बघा. ते किंचित ताणलेलं आणि सपाट दिसायला हवं. उभ्या रेघा फाकून मधला धागा दिसत असेल तर उंचवटा बुटापेक्षा मोठा आहे. इलास्टिक बाहेरच्या बाजूला फुगून पायापासून सुटं राहत असेल तर बूट तुमच्या घोट्याला मोठा आहे.

मग बुटाच्या वरच्या काठात तर्जनी घाला. एक बोट थोडा दाब देत फिरलं पाहिजे. बोट शिरतच नसेल तर दुपारपर्यंत पिंडरीच्या खाली वळ उठेल. दोन बोटं सहज शिरत असतील तर बसल्यावर पँटचा पाय त्या काठावर अडकून वरच राहील, आणि पावसात तिथूनच पाणी आत येईल.

तिसरी गोष्ट काठ कुठे येतो ती. घोट्याचं बाहेरचं हाड आतल्या हाडापेक्षा खाली असतं. चांगल्या चेल्सीचा काठ दोन्ही हाडांच्या बराच वर जातो, त्यामुळे हाडं इलास्टिकच्या मऊ भागात येतात. स्वस्तातले काही बूट चामडं वाचवायला बुटके कापलेले असतात आणि काठ नेमका आतल्या हाडावर येतो. तो बूट कधीच सवयीचा होत नाही. चांगला दिसला तरी सोडा.

शेवटी टाच. नवा सोल ताठ असतो, म्हणून चालताना टाच चार-पाच मिलिमीटर उचलली गेली तर काळजी नको. सोल वाकायला लागला की ते कमी होतं. त्याहून जास्त, किंवा प्रत्येक पावलाला पचपच आवाज येत असेल तर नको. दुकानातल्या गालिच्यावर हे कळत नाही. पायरी उतरून-चढून बघा.

४. सोल: आपल्या रस्त्यांचा विचार करून

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात पाऊस, खानापूरकडे गेलात तर त्याहून जास्त. रस्त्याकडेला लाल माती, आणि आत शिरलात की गुळगुळीत टाइल किंवा शहाबादी फरशी. शहरातला सोल या तिन्हींना पुरा पडला पाहिजे.

चामड्याचा सोल सगळ्यात देखणा, आणि इथे सगळ्यात निरुपयोगी. ओल्या फरशीवर तो घसरतो, पाणी पितो, आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. लग्नकार्यासाठी वेगळा जोड ठेवणाऱ्याने तो घ्यावा.

खोल खाचांचा, ट्रॅक्टरच्या टायरसारखा सोल सध्या फॅशनमध्ये आहे. पकड उत्तम, पण खाचांत लाल चिखल गच्च भरतो आणि ऑफिसात वाळून त्याच्या गोळ्या पडतात. शिवाय सोल जाड असल्याने दुचाकीचा गिअर पायाला नीट कळत नाही.

माझी पसंती पातळ, भरीव रबराच्या सोलला, ज्याच्या तळाला उथळ गोल ठिपके असतात. बाजूने बघितलं तर तो साध्या फॉर्मल बुटासारखा दिसतो, चिखल धरत नाही, ओल्या टाइलवर बऱ्यापैकी टिकतो. टाच अडीच-तीन सेंटिमीटरची असावी आणि तिच्या तळाचं रबर वेगळं बसवलेलं असावं, म्हणजे झिजल्यावर तेवढंच बदलता येतं.

हलक्या फोमसारख्या पीयू सोलबद्दल सावध राहा. हातात घेतला की बूट पिसासारखा वाटतो, पहिल्या दिवसापासून मऊ लागतो, म्हणून खपतो. पण हवेतल्या ओलाव्याने पीयू आतून कुजत जातं, आणि न वापरता कपाटात ठेवलं तरी कुजतं. मग एका सकाळी बूट घालून निघालात की सोलचे तुकडे मागे पडत जातात. आपल्या दमट पावसाळ्यात ही भीती जास्त. सवलतीत ठेवलेला जुना माल असेल तर खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. दोन-तीन वर्षं पडून असलेला पीयू सोल फुकट दिला तरी घेऊ नका.

५. सोल चिकटवलेला की शिवलेला

सोलच्या कडेला, बाहेरून दिसणारी टाक्यांची रांग असेल तर लगेच हुरळून जाऊ नका. पुष्कळ बुटांत ती शोभेपुरती साच्यातच उठवलेली असते. टाक्यावर नख ओढा. खरा दोरा नखाला खाली-वर लागतो आणि प्रत्येक टाक्याला भोक असतं.

खरी शिलाई दोन प्रकारची. एकीत वरचं चामडं आणि सोल यांच्यामध्ये चामड्याची एक पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात. याला गुडइयर वेल्ट म्हणतात. पाणी आत यायला वाट कमी आणि सोल झिजला की पूर्ण बदलता येतो. दुसरीत टाका थेट आतल्या तळापासून सोलपर्यंत जातो. बूट हलका आणि लवचीक होतो, पण खालून ओल आत येऊ शकते. सुकतळा उचलून बघा, आत टाक्यांची रांग दिसली तर हा दुसरा प्रकार.

नुसता चिकटवलेला बूट वाईट असतो असं नाही. बजेट कमी असेल तर चांगलं रबर चिकटवलेला बूट घ्या, आणि पहिला पावसाळा सुरू व्हायच्या आधी कारागिराकडून पुढच्या टोकाला कडेने टाके मारून घ्या. कॅम्पात लष्करी बुटांची सवय असलेले कारागीर आहेत, त्यांना हे काम नवं नाही.

अथणी-निपाणीकडे चामड्याचं काम होतं, तिथेच शिवून घ्यावेत का, असं काही जण विचारतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं जाड, वनस्पतींच्या सालींत कमावलेलं असतं. ते चपलेला उत्तम. चेल्सीच्या वरच्या भागाला मऊ, पातळ, एकाच तुकड्यात फर्म्यावर ओढता येणारं चामडं लागतं, आणि घोट्यापर्यंतचा फर्माही लागतो. कारागिराकडे तो फर्मा असेल तर जरूर शिवा. नसेल तर तो नाही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे.

चामडं गुळगुळीत आणि तपकिरी घ्या. मखमली सुएड दुकानात सुंदर दिसतं, पण लाल चिखलाचे डाग त्यातून पूर्ण निघत नाहीत.

६. घालायची आणि काढायची रीत

मागच्या आणि पुढच्या, दोन्ही खेचपट्ट्या एकदम धरून बूट वर ओढा आणि टाचेला शूहॉर्न लावा. फक्त मागची पट्टी ओढायची सवय लागली की काही महिन्यांत ती उसवते.

काढताना एका बुटाच्या टोकाने दुसऱ्याची टाच दाबून काढणं हा सगळ्यांचा आवडता प्रकार. टाचेच्या मागे आत एक कडक तुकडा असतो, तोच पायाला धरून ठेवतो. दिवसातून दहा वेळा असा दाबला की तो मऊ पडतो आणि बूट कायमचा सैल होतो. उंबऱ्याशेजारी एक बुटकं स्टूल ठेवा, बसा, टाच हाताने धरून काढा.

पहिले आठ-दहा दिवस रोज दोन-तीन तासच घाला. दुचाकी चालवणाऱ्यांनी एक बघावं: नुसत्या पुढच्या बोटांनी गिअर उचलायचा असेल तर डाव्या बुटाच्या वरच्या चामड्यावर काळा पट्टा पडतो. गाडीला टाचेने दाबायचा मागचा गिअरदांडा असेल तर वरचे गिअर टाचेने टाका. नसेल तर दांड्यावर रबराची जाड नळी चढवा.

७. पावसाळा आणि इलास्टिकची निगा

बुटाचं चामडं आणि शिलाई कितीही चांगली असो, इलास्टिक पाणी अडवत नाही. म्हणून घेतानाच बघा की ते खाली कुठपर्यंत जातं. सोलला जवळजवळ टेकणारं इलास्टिक म्हणजे छोट्या डबक्यातही पाय ओला. सोलपासून निदान दोन बोटं वर ते संपलेलं असावं. गाडीच्या पुढच्या चाकाचं पाणीही नेमकं तिथेच उडतं, तेव्हा जोराच्या पावसात गमबूट किंवा सँडल, आणि चेल्सी पिशवीत.

भिजलेच तर सुकतळा बाहेर काढा, आत कालचा 'तरुण भारत' चुरगाळून भरा, दोन तासांनी कागद बदला आणि बूट आडवे करून पंख्याच्या हवेत ठेवा. चुलीजवळ, इस्त्रीखाली किंवा कडक उन्हात नको. चामडं तडकतंच, पण त्याआधी इलास्टिकमधले रबराचे धागे मरतात. पॉलिशही त्या पट्टीला लागू देऊ नका. मेण आणि त्यातलं तेल रबर खातं. पॉलिश करताना इलास्टिकवर कागदाची पट्टी धरायची आणि झाल्यावर ती जागा नुसत्या ओल्या फडक्याने पुसायची.

इलास्टिक मेलं की ते ओळखू येतं: बूट काढून ठेवल्यावरही पट्टी लाटेसारखी सुरकुतलेली राहते आणि बोटाने ओढून सोडली तर परत येत नाही. तेवढ्यासाठी बूट टाकू नका. कारागीर जुनी शिलाई उसवून नवी पट्टी बसवतो. एकाच बाजूचं खराब झालं असलं तरी चारही पट्ट्या एकदम बदला, नाहीतर जुनी सैल आणि नवी घट्ट अशा ओढाताणीत बूट तिरका बसतो. आणि नवी पट्टी मूळ पट्टीच्या रुंदीचीच आहे ना, हे शिवायच्या आधी टेपने मोजून बघा. अर्धा सेंटिमीटर कमी निघाली तरी पाय आत जाताना पुन्हा तीच धडपड.